रशियन अनुवादाचं कोटेशन: शब्द कसे मोजायचे आणि रेट कसा ठरवायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानडे इन्स्टिट्यूटमधून किंवा इतर कुठून रशियनचा डिप्लोमा करून पुण्यात अनुवादाची कामं घ्यायला लागलेल्यांसाठी हे पान आहे. चाकण-भोसरीकडच्या ज्या कारखानदारांना अशी कामं करून घ्यायची असतात, त्यांनीही वाचावं. त्यांना हिशोब कळला तर दोन्ही बाजूंची कटकट वाचते. इथे भर आहे तो यंत्रांच्या कागदपत्रांवर आणि मुख्यतः रशियनमधून इंग्रजीत होणाऱ्या अनुवादावर, कारण पुण्यातल्या नवीन अनुवादकाकडे पहिलं मोठं काम बहुधा हेच येतं. कथा-कादंबऱ्यांचं गणित वेगळं असतं.

रशियन मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होतो म्हणतात. मग शब्दही जास्त होतात का?

नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. रशियन मजकूर कागदावर जास्त जागा खातो, त्यात अक्षरं जास्त असतात, पण शब्द मोजले तर ते इंग्रजीपेक्षा कमी भरतात. लांबी आणि शब्दसंख्या या दोन गोष्टी उलट दिशांना जातात.

कारण मराठी माणसाला पटकन कळेल असं आहे. इंग्रजीतले 'अ' आणि 'द' रशियनमध्ये नाहीत, तसे ते मराठीतही नाहीत. 'हा पंप आहे' मधलं 'आहे' वर्तमानकाळात रशियन बहुतेक वेळा लिहितच नाही. 'ऑफ', 'बाय', 'विथ' यांची बरीचशी कामं सहा विभक्तींचे प्रत्यय करतात. म्हणजे इंग्रजीत जे छोटे छोटे सुटे शब्द असतात, ते रशियनमध्ये एक तर गायब होतात किंवा नामाला चिकटून येतात. शब्द कमी होतो आणि उरलेला शब्द लांबतो.

दोन उदाहरणं घ्या. 'टर्न ऑफ द पॉवर सप्लाय' हे इंग्रजी वाक्य पाच शब्दांचं आहे. पूर्णविराम आणि मोकळ्या जागा धरून त्यात २६ अक्षरं भरतात. रशियनमध्ये हेच 'अत्क्ल्युचीत्ये एलेक्त्रापितानिये' असं दोन शब्दांत होतं आणि त्यात २५ अक्षरं आहेत. लांबी जवळपास तीच, पण शब्द निम्म्याहून कमी. आता 'यूझर मॅन्युअल' घ्या. इंग्रजीत दोन शब्द, ११ अक्षरं. रशियनमध्ये 'रुकावोद्स्त्वा पोल्झवातेल्या', म्हणजे शब्द दोनच, पण अक्षरं २४. दर शब्दावर ठेवला तर पहिल्या उदाहरणात पैसे निम्म्याहून खाली येतात आणि दुसऱ्यात काहीच बदलत नाही. दर अक्षरावर ठेवला तर पहिल्यात काही फरक पडत नाही, दुसऱ्यात पैसे दुपटीच्या वर जातात.

म्हणून 'एका शब्दाला किती घेता?' असं कोणी विचारलं, तर आधी विचारायचं: कुठल्या भाषेतला शब्द?

साधारण प्रमाण किती धरायचं?

तांत्रिक मजकुरासाठी मी असं धरते: १०० रशियन शब्दांचे इंग्रजीत सुमारे १२० शब्द होतात. उलट दिशेने, १०० इंग्रजी शब्दांचे रशियनमध्ये ८५च्या आसपास होतात. अक्षरं मात्र इंग्रजीतून रशियनमध्ये जाताना दहा-पंधरा टक्के वाढतात.

ही प्रमाणं कामाला सुरुवात करण्यापुरती आहेत. करारपत्रात वाक्यं लांब आणि विभक्त्यांच्या साखळ्या जास्त, त्यामुळे इंग्रजी आणखी फुगतं. सुट्या भागांच्या यादीत वाक्यंच नसतात, तिथे दोन्हीकडे शब्द जवळपास सारखे येतात. आपलं स्वतःचं प्रमाण काढणं हेच खरं. प्रत्येक काम संपल्यावर एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: रशियन शब्द, इंग्रजी शब्द आणि कागदाचा प्रकार. अशी थोडी कामं जमली की तुमच्या हातचं प्रमाण तुम्हाला कळतं, आणि क्लायंटशी बोलताना ऐकीव आकड्यावर उभं राहावं लागत नाही.

रशियातल्या एजन्सीने '१८०० अक्षरांच्या पानाचा' रेट मागितला. हे काय आहे?

रशियात अनुवाद शब्दावर नाही, तर बहुधा ठरावीक पानावर मोजतात. हे पान म्हणजे मोकळ्या जागा धरून १८०० अक्षरं. छापील पानाशी त्याचा संबंध नाही, ते फक्त मोजमापाचं एकक आहे. प्रकाशन व्यवसायात याहून मोठं एकक चालतं, लेखकाचा ताव, तो ४०,००० अक्षरांचा.

तांत्रिक रशियनमध्ये एका शब्दामागे, पुढची मोकळी जागा धरून, सरासरी आठ अक्षरं येतात. म्हणजे १८०० अक्षरांत साधारण २२५ रशियन शब्द बसतात. इंग्रजीत शब्द छोटे, सरासरी सहाच्या थोडं वर, म्हणून तेवढ्याच १८०० अक्षरांत २९०च्या पुढे शब्द जातात. तेव्हा 'पानाला इतके रुपये' ठरवताना ते १८०० अक्षरांचं पान मूळ मजकुराचं की अनुवादाचं, हे लिहून घ्यायलाच हवं.

वर्डमध्ये हा आकडा काढायला Review मधलं Word Count उघडा आणि Characters (with spaces) समोरची संख्या १८०० ने भागा. खाली Include textboxes, footnotes and endnotes या चौकटीत खूण आहे ना, ते आधी बघा. पानाच्या वरच्या-खालच्या पट्टीतला मजकूर वर्ड तरीही धरत नाही, आणि चित्रातली अक्षरं तर त्याला दिसतही नाहीत.

वर्ड काउंट मिळाला, पण त्यावर विश्वास ठेवावा का?

मजकूर सरळ वर्डमध्ये टाइप केलेला असेल तर बऱ्यापैकी. स्कॅनवरून ओसीआर केलेला, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून मजकुरात आणलेली असतील, किंवा पीडीएफमधून उचललेला असेल तर आधी तपासा. रशियन कागदात आकडा बिघडण्याच्या ठरलेल्या जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द. रशियन शब्द लांब असल्यामुळे अरुंद रकान्यात ते सारखे तुटतात. ओसीआर ते जोडत नाही आणि एका शब्दाचे दोन होतात. दुसरी जागा जुन्या सोव्हिएत छपाईतली. तिथे महत्त्वाचा शब्द ठळक करायला त्याची अक्षरं सुटी सुटी, मध्ये अंतर ठेवून छापत. 'लक्ष द्या' अशा अर्थाचा आठ अक्षरांचा शब्द ओसीआरमधून आठ शब्द होऊन बाहेर येतो. यंत्राच्या पुस्तिकेत सुरक्षेच्या सूचनांची पानं अशा शब्दांनी भरलेली असतात.

तिसरी जागा आकड्यांची. रशियन पद्धतीत हजार-लाखाची फोड मोकळ्या जागेने करतात, म्हणून साडेबारा लाख हा एक आकडा वर्डच्या लेखी तीन शब्द होतो. चौथी जागा मोठ्या आडव्या रेघेची. 'आहे'च्या जागी रशियन वाक्यात ही रेघ येते, तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडतात, आणि वर्ड तिलाही एक शब्द धरतो. रेघांनी पडणारा फरक फार मोठा नसतो, तुटलेल्या आणि सुट्या अक्षरांनी पडणारा मात्र असतो.

हे सगळं पान पान वाचून शोधायची गरज नाही. एक सोपी खूण आहे: मोकळ्या जागांसकटची अक्षरसंख्या शब्दसंख्येने भागा. उत्तर सात ते साडेआठच्या दरम्यान आलं तर मोजणी ठीक. पाचच्या आसपास आलं तर शब्द तुटले आहेत. नऊ-दहाच्या वर गेलं तर शब्दांमधल्या जागा गळून शब्द एकमेकांना चिकटलेत. तक्त्यांनी भरलेल्या कागदात आकड्यांमुळे उत्तर आपोआप खाली येतं, त्यामुळे ही कसोटी सलग मजकुराच्या पानांवर लावायची.

मी लिनक्स वापरतो. टर्मिनलवर मोजलं तर चालेल?

चालेल, पण योग्य पर्याय वापरा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली हवी.

```
wc -w manual.txt
wc -m manual.txt
```

पहिली आज्ञा शब्द देते, दुसरी अक्षरं. `wc -c` मात्र बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक रशियन अक्षर दोन बाइटचं असतं. तो आकडा अक्षरसंख्या समजून कोटेशन दिलं तर ते जवळपास दुप्पट होईल आणि क्लायंट पुन्हा फोन करणार नाही.

क्लायंटने स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली आहे आणि संध्याकाळपर्यंत आकडा हवाय. काय करू?

इथे एक पूर्ण उदाहरण करून बघू. आकडे मांडणीसाठी घेतलेले आहेत, पण पद्धत रोजच्या वापरातली आहे.

समजा चाकणच्या एका कारखान्याने वापरलेलं रशियन बनावटीचं बोरिंग मशीन घेतलंय. त्यासोबत आलेला 'पास्पोर्त' आणि वापराची पुस्तिका मिळून ४८ पानं आहेत, सगळी स्कॅन केलेली. इंग्रजी अनुवाद हवा. 'पास्पोर्त' म्हणजे यंत्राची ओळख, तांत्रिक माहिती आणि सोबतचे भाग यांचा अधिकृत दस्तऐवज. रशियन यंत्राबरोबर तो येतोच.

आधी सगळी पानं भराभर उलटायची आणि त्यांचे तीन गट करायचे. इथे ३० पानं सलग मजकुराची निघाली, १० तक्त्यांची आणि ८ आकृत्यांची. मग मजकुराच्या गटातली तीन पानं निवडायची: एक सुरुवातीचं, एक मधलं, एक शेवटाकडचं. पहिलं पान कधीही घ्यायचं नाही, त्यावर अर्धी जागा शीर्षकाची असते. या तीन पानांवरचे शब्द खरोखर मोजायचे. ओळी मोजून सरासरीने गुणलं तरी चालतं, पण तीनच पानं आहेत, सगळे मोजलेले बरे. समजा २६२, २४१ आणि २४७ आले. सरासरी २५०. म्हणजे ३० पानांचे ७,५०० शब्द.

तक्त्याच्या दोन पानांवर सरासरी ११५ शब्द आले, नुसते आकडे सोडून. १० पानांचे १,१५०. आकृत्यांच्या पानांवर भागांची नावं आणि कोपऱ्यातल्या चौकटीतला मजकूर धरून ४० शब्द, ८ पानांचे ३२०. एकूण ८,९७०, म्हणजे ९,००० धरू.

९,००० रशियन शब्द, दर शब्दाला आठ अक्षरं म्हणजे ७२,००० अक्षरं, म्हणजे १८०० अक्षरांची ४० पानं. छापील पानं ४८ आणि हिशोबाची ४०, यात काही चूक नाही, कारण तक्ते आणि आकृत्या विरळ असतात. इंग्रजी अनुवाद १२० टक्क्यांनी १०,८०० शब्दांचा होईल.

आता शब्दाला अडीच रुपये दर असेल, तर रशियन शब्दांवर बिल २२,५०० रुपये होतं. तोच अडीचचा दर इंग्रजी शब्दांवर लावला तर २७,००० होतं. काम तेच आणि बोललेला दरही तोच, पण साडेचार हजारांचा फरक. कुठला शब्द ते दोघांनी आपापल्या मनात वेगवेगळं धरलं, तर बिल पाठवायच्या दिवशी भांडण ठरलेलं. क्लायंटला वाटणार की आपल्याला फसवलं, आणि त्याला तसं वाटण्यात त्याची चूक नसेल.

म्हणून मी तिन्ही एककांतला समान दर शेजारी शेजारी लिहून देते: प्रति रशियन शब्द २.५० रुपये, किंवा प्रति इंग्रजी शब्द सुमारे २.०८ रुपये, किंवा मूळ मजकुराच्या १८०० अक्षरांच्या पानाला ५६२.५० रुपये. क्लायंटने हवं ते निवडावं, रक्कम २२,५००च्या आसपासच राहते. एककावरून घासाघीस करायला जागा उरत नाही.

पण हे अडीच रुपये आले कुठून? बाजारात काय रेट चालतो?

बाजारातला रेट शोधत बसलात तर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल, आणि त्यातले निम्मे कुठला शब्द ते सांगणारच नाहीत. रेट आपल्या दिवसावरून काढावा.

वरच्या उदाहरणापुरतं गणित असं. अनुवादकाला महिन्याला, खर्च धरून, ६०,००० रुपये सुटायला हवेत. महिन्यात कामाचे दिवस बावीस-तेवीस धरले तरी त्यातले कोटेशन देणं, फोन, बिलं, पैशांचा पाठपुरावा आणि रिकामे दिवस वजा केले की पैसे देणारं काम पंधरा दिवसच होतं. म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. आता स्कॅनवरून तांत्रिक रशियन करताना, संज्ञा शोधणं आणि शेवटचं वाचन धरून, दिवसाला १,६०० रशियन शब्द होत असतील, तर ४,००० भागिले १,६०० बरोबर अडीच रुपये.

तुमची गरज वेगळी असेल, वेग वेगळा असेल, तेव्हा तुमचा आकडाही वेगळा येईल, आणि तोच तुमचा न्याय्य रेट. यात दिवसाचा वेग प्रामाणिकपणे लिहा. सकाळच्या उत्साहातल्या पहिल्या तासाचा वेग आठने गुणून चालत नाही. शेवटच्या वाचनाला लागणारा वेळ जवळपास प्रत्येक नवीन अनुवादक विसरतो, आणि त्या विसरलेल्या वेळाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. यंत्राच्या कागदांत ते वाचन टाळता येत नाही. रशियनमध्ये दशांशाला स्वल्पविराम वापरतात. १२,५ मिलिमीटर हे इंग्रजीत १२.५ व्हायला हवं. अनवधानाने स्वल्पविराम तसाच राहिला तर कोणीतरी १२५ वाचेल. अशा एका आकड्यासाठी प्रत्येक तक्ता मूळ कागदाशी बोट ठेवून ताडून बघावा लागतो.

आकडे अनुवाद करायचे नसतात, मग त्यांचे पैसे का?

शब्दाच्या हिशोबातून आकडे वगळा, पण तक्त्यांची मांडणी वेगळी धरा. क्लायंटलाही हे लगेच पटतं. वरच्या ४८ पानांच्या कामात दहा तक्ते नव्याने उभे करायला प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर साडेतीन तासांच्या आसपास जातात, म्हणजे सुमारे अर्धा दिवस, म्हणजे २,००० रुपये. कोटेशन २४,५०० झालं. आकृत्यांवर इंग्रजी अक्षरं बसवायची नाहीत, आकृतीखाली क्रमांक, रशियन नाव आणि इंग्रजी नाव असा तक्ता द्यायचा, हे आधीच सांगा. कारखान्यात तेच जास्त सोयीचं पडतं, कारण यंत्रावरच्या पाट्या रशियनमध्येच असतात.

अंदाज चुकला तर?

स्कॅनवरून दिलेला अंदाज थोडा चुकणारच. म्हणून कोटेशनमध्ये वरची मर्यादा लिहा. मी साधारण असा मजकूर पाठवते:

"मूळ रशियन मजकूर अंदाजे ९,००० शब्द, नमुना पानांवरून मोजलेला. दर प्रति रशियन शब्द २.५० रुपये. नुसते आकडे शब्दांत धरलेले नाहीत. दहा तक्त्यांची मांडणी २,००० रुपये एकरकमी. अंतिम बिल प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे, मात्र अनुवादाची रक्कम अंदाजापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढणार नाही. आकृत्या पुन्हा काढून देणे यात नाही. मुदत आठ कामाचे दिवस. कोटेशन पंधरा दिवस ग्राह्य."

मुदत अशी बसते: ९,००० भागिले १,६०० म्हणजे सहा दिवसांना थोडं कमी, त्यात तक्ते आणि थोडी मोकळीक. स्कॅन इतकं खराब असेल की ओसीआरच होत नाही, किंवा मजकूर हाताने लिहिलेला आहे, तर हट्टाने रशियन शब्द मोजू नका. तिथे तयार इंग्रजीवर बिल लावणं जास्त सरळ. ती फाइल दोघांनाही उघडून मोजता येते. फक्त दर २.५० नाही, २.०८ लावायचा.

क्लायंट म्हणतात, 'मॅडम, रशियन लांबलचक असतं, तुम्हाला शब्द जास्त मिळतात, रेट कमी करा.' काय सांगायचं?

त्यांच्याच कागदातलं एक पान घ्या, त्यावरचे रशियन शब्द मोजा, त्याच पानाचा इंग्रजी अनुवाद करून ते शब्द मोजा, आणि दोन्ही पाठवा. रशियनमध्ये शब्द कमीच भरतील. कारखाना चालवणारा माणूस मोजमाप समजतो. वाद घालण्यापेक्षा मोजून दाखवलेलं त्याला पटतं. आणि तुम्ही रशियन शब्दांवर दर लावला असेल तर कमी संख्येवर लावलाय, हेही त्याला कळतं.

इंग्रजीतून रशियनमध्ये करायचं काम आलं तर?

तिथे बाजू पालटते. इंग्रजी १०,००० शब्द, रशियन सुमारे ८,५००. दर रशियन शब्दांवर ठरला तर पंधरा टक्के तिथेच गेले. त्यामुळे इकडेही मूळ मजकुरावर, म्हणजे इंग्रजी शब्दांवर दर लावा. फाइल हातात असते, आकडा काम सुरू करण्याआधी ठरतो, आणि अनुवादक शब्द वाढवेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

रशियन ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाकडून तपासून घेण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. छापून जाणाऱ्या मजकुराला तो हवाच. आपण कितीही चांगलं शिकलेलो असलो तरी क्रियापदाच्या पूर्ण-अपूर्ण रूपांमध्ये परकेपणा उघडा पडतो, आणि ज्या कंपनीला रशियात माल विकायचाय तिच्या माहितीपत्रकात तो दिसायला नको.

जागेचा प्रश्न इथे येतो. सलग मजकूर दहा-पंधरा टक्के लांबला तर परिच्छेद थोडा खाली सरकतो, इतकंच. पण बटणं, लेबलं आणि तक्त्यांची शीर्षकं दुप्पट होऊ शकतात. 'सेव्ह' चार अक्षरांचं, त्याचं 'सख्रानीत्' नऊ अक्षरांचं. पेठेतल्या प्रेसमध्ये इंग्रजीसाठी बनवलेल्या डिझाइनमध्ये रशियन बसवायला गेलं की ऑपरेटर अक्षरं बारीक करतो किंवा शेवटचा शब्द गुपचूप कापतो. ऑपरेटरला रशियन येत नाही, त्यामुळे काय कापलं गेलं ते त्याला कळणारही नाही. निवडलेल्या फाँटमध्ये रशियन लिपी नसेल तर चौकोनच येतात. म्हणून छपाईपूर्व प्रूफ आपल्या नजरेखालून जाईल अशी अट घाला आणि त्या वाचनाचे तासावर पैसे लावा. शब्दावर लावू नका.

एजन्सी म्हणते, सॉफ्टवेअरने इतके टक्के मजकूर पुनरावृत्तीचा दाखवलाय, तेवढी सूट द्या.

हुबेहूब तीच वाक्यं पुन्हा येत असतील तर सूट द्यायला हरकत नाही. यंत्राच्या पुस्तिकेत 'विद्युतपुरवठा बंद करा' कितीतरी वेळा येतं. मात्र पूर्ण फुकट देऊ नका, जागेवर वाचून बघावं लागतंच.

अर्धवट जुळणाऱ्या वाक्यांबाबत सावध राहा, विशेषतः रशियनमध्ये अनुवाद करताना. इंग्रजी वाक्यात 'पंप'च्या जागी 'युनिट' आलं तर सॉफ्टवेअरला एकच शब्द बदललेला दिसतो. रशियनमध्ये मात्र 'पंप' पुल्लिंगी नाम, आणि त्या जागी 'युनिट'साठी स्त्रीलिंगी शब्द आला तर त्याचं विशेषण, भूतकाळी क्रियापद, सर्वनाम सगळ्यांची रूपं बदलतात. मराठीत 'जुना पंप बिघडला' आणि 'जुनी मोटर बिघडली' यात जेवढं बदलतं, तेवढं आणि वर विभक्तीही. अशा वाक्याला अर्ध्याहून कमी पैसे घेणं तोट्याचं आहे. सूट मान्य करण्याआधी एजन्सीकडून जुळणीचा अहवाल मागवा आणि त्यातली पाच-दहा अर्धवट जुळणारी वाक्यं स्वतः करून किती वेळ लागतो ते बघा.

रशियाहून डॉक्टर होऊन आलेल्या मुलांच्या पदव्या आणि गुणपत्रिकांचा दर?

शब्दावर नको, दस्तऐवजावर ठेवा. पदवीपत्रावर शब्द मोजकेच असतात, पण शिक्के, सही करणाऱ्याचा हुद्दा, मागची नोंद, सगळं द्यावं लागतं. सोबतच्या पुरवणीत विषय, तास आणि श्रेणी यांच्या लांबलचक याद्या असतात, ती वेगळी धरा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच घ्या, रशियन लिपीवरून पुन्हा तयार करू नका. शिवाजीनगर कोर्टाजवळ नोटरी करून आणायचं असेल तर तो खर्च पालकांनी करायचा की तुम्ही, हे आधी बोलून घ्या.

छोट्या कामाला किमान रक्कम लावणं योग्य आहे का?

योग्य आहे. एका लेबलावरचे बारा शब्द तीस रुपयांत होत नाहीत. फाइल उघडणं, संज्ञा तपासणं, पाठवणं, बिल करणं यात तास जातो. तुमच्या दिवसाच्या रकमेचा एक तास, ही किमान रक्कम. वरच्या हिशोबाने ४,००० भागिले आठ, म्हणजे ५०० रुपये.

तातडीच्या कामाला किती जास्त?

तुमच्या दिवसाच्या वेगात बसत असेल तर काहीच जास्त नाही. रविवार किंवा रात्र घालवावी लागत असेल तर तेवढ्याच भागावर वाढीव दर लावा, अख्ख्या कामावर नको. आणि वेगाच्या दीडपटीपलीकडचं काम घेऊच नका. वर सांगितलेलं शेवटचं वाचन त्यात सगळ्यात आधी गळतं.

पैसे येताना टीडीएस कापला गेला. रेट वाढवून सांगायला हवा होता का?

नाही. कंपनी व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापते तो तुमच्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता होतो. तो खर्च नाही, त्यामुळे दरात मिळवू नका. बिलावर पॅन नीट लिहा, आणि वर्षाच्या शेवटी कापलेली रक्कम आयकर खात्याच्या २६एएसमध्ये दिसते की नाही ते बघा. दिसत नसेल तर कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लगेच कळवा, विवरणपत्र भरण्याच्या आदल्या दिवशी नको.

पहिल्यांदाच ओळख झालेल्या क्लायंटने 'आधी दोन पानं नमुना म्हणून करून द्या' असं म्हटलं तर?

१८०० अक्षरांचं एक पान करून द्या, त्याहून जास्त नको. कुठलं पान ते तुम्ही निवडा आणि ते सलग मजकुराच्या गटातलं घ्या. त्याच पानाचे रशियन आणि इंग्रजी शब्द मोजून खाली लिहा. क्लायंटला दर्जा कळतो, आणि या विशिष्ट कागदाचं प्रमाण १२० टक्केच आहे की ११५ किंवा १३०, हे तुम्हाला कळतं. अंतिम कोटेशन त्यानंतर पाठवा.